जॉइंट खात्यातले पैसे काढले कोणी?

नवरा-बायकोच्या जॉइंट खात्याचं पासबुक छापून आणलं की हमखास विचारलं जातं, "हे पाच हजार कोणी काढले?" पासबुक याचं सरळ उत्तर देत नाही. त्यात तारीख, रक्कम, शिल्लक आणि पैसे कोणत्या वाटेने गेले एवढंच असतं. माणूस आपल्याला त्या वाटेवरून ओळखावा लागतो.

समजा, एका महिन्यात तीन नोंदी आहेत: एटीएममधून ५,००० रुपये, यूपीआयने १,२४० आणि चेकने ८,०००. दोघांच्या डेबिट कार्डांचे नंबर वेगळे असतात आणि काही बँका त्यातले शेवटचे आकडे नोंदीत किंवा एसएमएसमध्ये देतात. ते नसले, तर कोणतं कार्ड वापरलं हे शाखेत विचारावं. चेकचं सोपं आहे. चेकबुक दोघं मिळून वापरत असले, तरी चेकवरची सही एकाचीच असते. नोंदीत चेकचा नंबर असतो, तो अर्धपानाशी ताडून पाहायचा, अर्थात अर्धपान भरायची सवय असेल तर!

खरा घोळ होतो यूपीआयचा. नोंदीत दुकानदाराचं नाव आणि बारा अंकी संदर्भ क्रमांक असतो. दोघांपैकी पैसे कोणी दिले, हे बहुधा नसतं. तो क्रमांक दोघांच्या फोनमध्ये शोधायचा आणि ज्याच्या अॅपमध्ये सापडेल, त्याने पैसे दिले असं समजायचं. अॅपमध्ये ज्याचे त्याचे व्यवहार दिसतात, शिल्लक मात्र अख्ख्या खात्याची दिसते. म्हणून "मी तर दोनच हजार खर्च केले, मग शिल्लक एवढी कमी कशी?" असा वाद होतो आणि दोघंही खरंच बोलत असतात.

स्टेटमेंट मात्र दोघांनाही पूर्ण मिळतं. जोडीदारापासून एखादी नोंद लपवायची सोय त्यात नाही. उलट, जोडीदाराचं एकट्याच्या नावावरचं खातं तुमच्या नेट बँकिंगमध्ये दिसत नाही. एसएमएस बऱ्याचदा पहिल्या खातेदाराच्याच मोबाइलवर येतात, त्यामुळे दुसऱ्याला व्यवहार उशिरा कळतो.

खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल, तर एकाने काढलेले पैसे बँकेच्या लेखी रीतसरच असतात. दुसऱ्याला न विचारता काढले, म्हणून ती फसवणुकीची तक्रार होत नाही. दोघांच्या सह्यांशिवाय पैसा हलू नये असं वाटत असेल, तर खातं 'जॉइंटली' पद्धतीने चालवावं. मात्र मग कार्ड आणि यूपीआयची सोय बहुतेक बँका देत नाहीत. वाद आधीच पेटला असेल, तर कोणताही एक खातेदार शाखेत लेखी अर्ज देऊन व्यवहार थांबवायला सांगू शकतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.