प्रतीक्षायादीतले दोन आकडे
रेल्वे आरक्षणाच्या पडद्यावर हिरवा आकडा दिसला की जागा आहे हे कळते. `GNWL45/WL12` ही ओळ मात्र वाचावी लागते. पहिला आकडा यादीत मिळणारा क्रमांक, दुसरा आजचा. म्हणजे पुढचे ३३ जण आधीच यादीतून सरकले आहेत. दुसऱ्या गाडीला `PQWL8/WL7` असेल, तर सात लहान म्हणून भुलू नये. तिथे एकच जण सरकला आहे आणि ती यादी मधल्या स्थानकांच्या सामायिक, छोट्या कोट्याची. तारीख एकच असेल तर मी पहिलीच गाडी धरीन. हे आकडे साठवलेलेही असतात. किती वेळापूर्वीचे ते खाली बारीक अक्षरांत दिसते. ताजे करूनच पैसे भरावेत.