विश्लेषण : घरातला कॅमेरा मोबाइलवर दिसतो, पण तो आणखी कुणाला दिसू शकतो?

राजकोटमधील एका प्रसूतिगृहातील सीसीटीव्हीच्या चित्रफिती यूट्यूब आणि टेलिग्रामवर पोहोचल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले. या प्रकरणात महाराष्ट्रातूनही अटक झाली. चित्रफिती मिळवण्यासाठी रुग्णालयात शिरावे लागले नव्हते, इंटरनेटवरून कॅमेऱ्यांपर्यंत पोहोचणे पुरेसे होते. घरोघरी बसवलेले कॅमेरेही आज मोबाइलवर पाहिले जातात. त्यासाठी दोन मार्ग वापरले जातात आणि दोन्हींतील धोके वेगवेगळे आहेत.

बाहेरून कॅमेरा पाहण्यात अडचण कोणती?

घरातील राउटर हा सोसायटीच्या रखवालदारासारखा असतो. आतल्या मोबाइलने बाहेर काही मागवले, तर त्याचे उत्तर तो बरोबर त्या मोबाइलकडे पोहोचवतो. बाहेरून अनोळखी कुणी आले, तर त्याला कुठे पाठवायचे हे माहीत नसल्याने तो दारातूनच परत पाठवतो. डीव्हीआरचा पत्ता, उदाहरणार्थ 192.168.1.64, फक्त घरापुरता असतो. त्यामुळे ऑफिसात बसून घरचा कॅमेरा पाहायचा, तर या रखवालदारापलीकडे जाण्याची काही सोय करावी लागते.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे काय?

यात राउटरला कायमची सूचना दिली जाते : अमुक क्रमांकाच्या पोर्टवर जो येईल, त्याला थेट डीव्हीआरकडे पाठव. व्हिडीओ कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवरून जात नाही, हा याचा फायदा. पण ‘जो येईल’ यात जगातील प्रत्येक जण आला. येणारा कोण, हे राउटर विचारत नाही. ते विचारण्याचे काम एकट्या डीव्हीआरवर पडते.

आपले घर कोण शोधणार, असे अनेकांना वाटते. मात्र शोध माणूस घेत नाही, प्रोग्रॅम घेतो. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये तयार केलेले ‘झीमॅप’ हे साधन एका पोर्टसाठी जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, सगळे सार्वजनिक पत्ते ४५ मिनिटांच्या आत तपासू शकत होते. अशा उघड्या उपकरणांची यादी देणारे ‘शोडान’सारखे शोधयंत्रही आहे. पोर्टचा क्रमांक बदलल्याने शोध थोडा लांबतो, टळत नाही.

पासवर्ड कठीण ठेवला तर?

तो हवाच, पण पुरत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांतील एक दोष जाहीर झाला. कॅमेऱ्याच्या वेब पानापर्यंत पोहोचता आले, की पासवर्ड न देताच त्यावर हवी ती आज्ञा चालवता येत होती. कंपनीने सुधारित फर्मवेअर दिले. पण उपकरणात ते कुणीतरी भरावे लागते आणि भिंतीवरच्या जुन्या डीव्हीआरकडे सहसा कुणी वळून पाहत नाही. पोर्ट बंद असलेल्या घरात हाच दोष बाहेरच्या माणसाला थेट वापरता येत नाही.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. यूपीएनपी ही सुविधा राउटर आणि डीव्हीआर दोन्हींत चालू असेल, तर डीव्हीआर स्वतःच राउटरला सांगून पोर्ट उघडून घेऊ शकतो. घरातील कुणालाही त्याचा पत्ता नसतो.

क्लाउड रिले वेगळा कसा?

यात कॅमेरा स्वतः आतून बाहेर, कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतो आणि ती चालू ठेवतो. मोबाइलमधील अ‍ॅपही त्याच सर्व्हरकडे जाते आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. जमल्यास त्यानंतर व्हिडीओ कॅमेऱ्याकडून थेट मोबाइलकडे जातो, नाहीतर तो सर्व्हरमार्गे फिरून येतो. क्यूआर कोड स्कॅन करून सुरू होणारे बहुतेक कॅमेरे असेच चालतात. राउटरमध्ये काहीही उघडावे लागत नाही.

अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. अशा जोडणीवर नेहमीचे पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही, रिले मात्र चालतो. राउटरच्या पानावर WAN IP म्हणून दिसणारा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी आकड्यांनी किंवा 10 ने सुरू होत असेल, तर जोडणी अशी वाटलेली आहे.

मग रिले सुरक्षित म्हणावा का?

दार बंद राहते, पण एक किल्ली कंपनीकडे जाते. वाइझ या अमेरिकी कंपनीची सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये काही तास बंद पडली. ती पूर्ववत होताना सुमारे १३ हजार ग्राहकांना अ‍ॅपमध्ये दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांची छोटी चित्रे दिसली. त्यांतील १,५०४ जणांनी ती उघडलीही. ही कुणी केलेली चोरी नव्हती. ताण वाढल्यावर कोणते उपकरण कोणत्या ग्राहकाचे, याची सरमिसळ झाली होती. घरमालकाने सगळी काळजी घेतली असती, तरी हे टळले नसते. व्हिडीओ कॅमेऱ्यातच कुलूपबंद होऊन फक्त मालकाच्या मोबाइलवर उघडत असेल, म्हणजे ‘एंड टू एंड’ एन्क्रिप्शन असेल, तर हा धोका बराच घटतो. मात्र ही सोय सर्व कॅमेऱ्यांत नसते.

दुसरा धोका खात्याचा. अन्य एखाद्या संकेतस्थळावरून फुटलेला ईमेल-पासवर्ड इथेही तोच असेल, तर कॅमेऱ्यात दोष असण्याची गरजच उरत नाही.

घरी नेमके काय तपासावे?

समजा, साताऱ्यात आईवडिलांच्या घरी चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर आहे. पुण्यातील मुलगी ते मोबाइलवर पाहते. सुट्टीत घरी आल्यावर तिने ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाइप करून राउटरचे पान उघडले (काही राउटरमध्ये हा पत्ता वेगळा असतो). Port Forwarding या भागात (कुठे त्याला Virtual Server म्हणतात) 80, 554 आणि 8000 हे पोर्ट डीव्हीआरकडे वळवलेले दिसले. तिने तिन्ही नोंदी काढल्या. नंतर राउटर आणि डीव्हीआर या दोन्हींतील UPnP बंद केले. एकाच ठिकाणी बंद करून पोर्ट पुन्हा उघडला गेल्याचे कळत नाही, म्हणून दोन्हीकडे पाहणे बरे.

आता तिने मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर अ‍ॅप उघडले. चित्र दिसले, म्हणजे अ‍ॅप रिलेवर चालत होते आणि उघडे पोर्ट विनाकारण राहिले होते. दिसले नसते, तर अ‍ॅप पोर्टवरच अवलंबून होते असे समजून डीव्हीआरमधील क्लाउड सेवा सुरू करावी लागली असती.

पुढची तपासणी अधिक महत्त्वाची ठरली. डीव्हीआर कॅमेरे बसवणाऱ्याच्या ईमेलवर नोंदवलेला होता आणि कुटुंबाला फक्त ‘शेअर’ मिळाला होता. म्हणजे तोही हवे तेव्हा घर पाहू शकत होता. तिने त्याच्याकडून ती नोंद काढून घेतली, डीव्हीआर वडिलांच्या खात्यावर नोंदवला, डीव्हीआर आणि खाते यांना वेगवेगळे नवे पासवर्ड दिले, खात्याला ओटीपीची दुहेरी पडताळणी लावली आणि फर्मवेअर अद्ययावत केले.

तिसरा मार्ग आहे का?

आहे, व्हीपीएनचा. राउटरवर किंवा घरातील छोट्या संगणकावर वायरगार्डसारखे व्हीपीएन बसवले, की मोबाइल आधी घराच्या नेटवर्कमध्ये येतो आणि मग कॅमेरा पाहतो. यातही एक पोर्ट उघडावा लागतो, पण योग्य किल्ली नसलेल्याला तिथून उत्तरच मिळत नाही. मात्र ते बसवून सांभाळणारे कुणी घरात हवे. ते नसेल, तर बंद पोर्ट आणि स्वतःच्या नावावरचे रिले खाते हा बहुतेक घरांसाठी कमी धोक्याचा मार्ग ठरतो. कंपनीवर टाकावा लागणारा विश्वास त्यातही उरतोच. म्हणून शयनगृहात इंटरनेटला जोडलेला कॅमेरा न लावणे हेच इष्ट.