वाढ लाखाची, कर किती?

लोणी काळभोरचा एखादा बडा पगारदार घ्या. २०२५-२६ साली त्याचे करपात्र उत्पन्न ५० लाख असेल, तर नव्या पद्धतीने आयकर १०,८०,००० रुपये होतो; अधिभार नाही. उत्पन्न ५१ लाख झाले की कर ११,१०,००० आणि त्यावर दहा टक्के अधिभार १,११,०००. म्हणजे लाखाच्या वाढीवर १,४१,००० जादा!

इथे सीमांत सवलत कामी येते. जादा कर जादा उत्पन्नाहून मोठा होऊ नये, म्हणून ४१,००० सुटतात आणि कर ११,८०,००० राहतो. मात्र चार टक्के उपकर त्यानंतर लागतो. आम्ही हिशेब मांडला तर अख्खा लाख जाऊन ४,००० पदरचे गेले. सुमारे ५१,६१,००० च्या पुढे ही सवलत संपते. धंद्याच्या करपात्र नफ्यालाही हाच हिशेब लागू आहे.