पिन केलेली पहिली ओळख

समजा, मलकापूरच्या एका तरुणाने आंबा घाट, पावनखिंड, विशाळगड इथल्या वाटांचे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकायला सुरुवात केली. वर पिन केलेल्या रीलखाली तो लिहितो: ‘नमस्कार मित्रांनो, लहानपणापासून मला भटकंतीची फार आवड...’ अनोळखी माणसाला यातून काहीच कळत नाही. पुढचा मजकूर ‘more’मागे दडतो आणि तो उघडायचे कष्ट थोडेच लोक घेतात.

ती ओळ अशी करावी: ‘मलकापूरहून एका दिवसात होणाऱ्या वाटा: एसटी कुठली, चाल किती, पाणी कुठे. दर रविवारी नवी वाट.’ आवडीची गोष्ट काढू नये, खाली न्यावी.

पण खरी मेख पुढे आहे. प्रोफाइल उघडणाऱ्याला तिथे मजकूर दिसतच नाही, दिसतं फक्त मुखचित्र. म्हणून ‘मलकापूरहून एका दिवसाच्या वाटा’ हे शब्द मुखचित्रावरच हवेत, मोठ्या अक्षरांत आणि मधोमध, कारण चौकटीत कडा कापल्या जातात. मजकूर आणि रीलचं मुखचित्र, दोन्ही नंतरही बदलता येतात.

बदल केल्यावर फोन शेजारच्या काकूंना तीन सेकंद दाखवा आणि विचारा, ‘इथे काय मिळतं?’ उत्तर चुकलं, तर ओळ पुन्हा लिहा.