अंश भरपूर, वेळ थोडा

समजा, एका टेबलावर छोटी मोटर आहे. तिच्यावर कॅमेरा बसवलेला आहे. समोरून माणूस चालत गेला की त्याचा चेहरा नेहमी चित्राच्या मधोमध राहावा, एवढंच काम. चेहरा मध्यापासून जितका सरकेल तितक्या वेगानं मोटर त्या दिशेला फिरते: एका अंशाची चूक असेल तर सेकंदाला वीस अंशांच्या वेगाचा हुकूम. कागदावर हिशेब चोख निघतो. यंत्र चालू केल्यावर मात्र कॅमेरा चेहऱ्याच्या पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो आणि बऱ्याच वेळानं शांत होतो. मोटर ठीक, तारा ठीक, हिशेबही बरोबर. राहिलेला असतो तो फक्त उशीर. असं यंत्र किती उशीर खपवून घेईल, हे एका भागाकारानं काढता येतं.

चूक मोजायची, ती कमी होईल असा हुकूम द्यायचा, पुन्हा चूक मोजायची, या चक्राला फीडबॅक लूप म्हणतात. त्याचा धोका झोक्यावरून कळतो. हलता झोका थांबवायला आपण त्याच्या चालीविरुद्ध हात लावतो. तोच हात अर्ध्या झोक्याइतका उशिरा लागला, तर तोवर झोका उलटा फिरलेला असतो आणि आपला विरोध त्याला धक्का ठरतो. लूपमध्येही दुरुस्ती फार मागे पडली की ती चूक वाढवू लागते.

हे मागे पडणं अंशांत मोजतात. हेलकाव्याची एक पूर्ण फेरी म्हणजे ३६० अंश, आणि अर्धी फेरी, म्हणजे १८० अंश, ही धोक्याची रेघ. पण रेघ गाठली म्हणून लगेच बिघडत नाही. त्या वेळी लूपमधून फिरून आलेला हेलकावा निघाला त्याच आकाराचा असेल, तरच तो स्वतःला जिवंत ठेवू शकतो. संथ हेलकावे लूपमधून मोठे होऊन परततात, जलद हेलकावे लहान होऊन. या दोन्हींच्या मधल्या ज्या गतीला आकार जसाच्या तसा राहतो, तिला क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी म्हणतात. त्या गतीला १८० अंशांची रेघ अजून जितकी दूर असते, ते फेज मार्जिन. १९३२ साली हॅरी नायक्विस्ट यांनी फीडबॅक लूप स्थिर राहील की नाही हे ओळखण्याचा जो निकष मांडला, त्याच्याच पोटात ही दोन मापं आहेत.

आता आपली मोटर घेऊ. वेग साठत जाऊन कोन तयार होतो, म्हणून कोन वेगाच्या पाव फेरी मागे असतो. हे ९० अंश कायमचे. शिवाय हुकूम मिळाल्यावर मोटरला वेग पकडायला वेळ लागतो. तिचा कालांक ०.०५ सेकंद धरू. आकाराचं गणित केलं की क्रॉसओव्हर १५.७ रेडियन प्रतिसेकंद येतो, म्हणजे सेकंदाला अडीच हेलकावे, एका हेलकाव्याला ०.४ सेकंद. या गतीला मोटरच्या जडपणामुळे आणखी ३८ अंश जातात. ९० आणि ३८ मिळून १२८. रेघेपर्यंत उरले ५२ अंश, आणि हे फेज मार्जिन कुणीही चांगलंच म्हणेल.

या लूपमध्ये शुद्ध उशीर घातला तर काय होईल? उशीर हेलकाव्याचा आकार बदलत नाही, त्याला फक्त मागे ढकलतो. त्यामुळे क्रॉसओव्हर जागचा हलत नाही. नवं समीकरण सोडवावं लागत नाही, उरलेले अंश किती वेळात संपतील एवढंच पाहायचं. ०.४ सेकंदात ३६० अंश, तर ५२ अंशांना सुमारे ०.०५८ सेकंद. म्हणजे ५८ मिलिसेकंद. सूत्र असं:

कमाल उशीर = फेज मार्जिन (रेडियनमध्ये) ÷ क्रॉसओव्हर (रेडियन प्रतिसेकंद)

५२ अंश म्हणजे ०.९१ रेडियन, त्याला १५.७ नं भागलं की तेच उत्तर येतं. नेहमीची चूक इथेच होते, अंश तसेच ठेवून भागण्याची. मग उत्तर सव्वातीन सेकंदांच्या जवळ येतं आणि मन उगाच निर्धास्त होतं.

या ५८ मिलिसेकंदांचा खर्च कुठे झाला ते पाहू. कॅमेऱ्याला चित्र तयार करायला १५ मिलिसेकंद लागतात असं धरू. संगणक दर २० मिलिसेकंदांनी हुकूम देतो, आणि गणित झाल्यावर तो हुकूम पुढच्या ठोक्यालाच बाहेर पडतो, हे २० झाले. पुढचा हुकूम येईपर्यंत मोटर जुनाच धरून बसते. त्यामुळे हुकूम सरासरीनं आणखी १० मिलिसेकंद शिळा असतो. एकूण ४५. म्हणजे साडेचाळीस अंश खर्च, हातात जेमतेम साडेअकरा. लूप कोसळत नाही, पण हेलकावत राहतो. टेबलावर दिसलं ते हेच.

चपळाई वाढवावी म्हणून कुणी हुकमाचा जोर, म्हणजे गेन, वीसवरून चाळीस केला तर? क्रॉसओव्हर २५ रेडियनवर जातो, फेज मार्जिन ३९ अंशांवर उतरतं आणि कमाल उशीर २७ मिलिसेकंद होतो. ४५ मिलिसेकंदांच्या उशिरात हा लूप टिकणारच नाही. उलट गेन दहा केला की क्रॉसओव्हर ९.१, मार्जिन साडेपासष्ट अंश आणि उशिराची मुभा १२६ मिलिसेकंद. तोच ४५ चा खर्च वजा केल्यावरही ४२ अंश उरतात. कॅमेरा थोडा सावकाश वळेल, पण डुलणार नाही.

दोष उशिराचाच आहे हे ओळखायचं कसं? डुलण्याचा काळ मोजावा. सीमेजवळ आलेला लूप क्रॉसओव्हरच्या गतीनं डुलतो, इथे ०.४ सेकंदांच्या आसपास. मग प्रोग्राममध्ये मुद्दाम थोडा थोडा उशीर वाढवत न्यावा. ज्या उशिराला डुलणं थांबेनासं होतं, तितकीच शिल्लक होती असं समजावं. आपल्या लूपमध्ये ती १३ मिलिसेकंदांच्या आसपास निघायला हवी.

या भागाकारालाही अटी आहेत. उशीर नसताना लूप मुळात स्थिर असला पाहिजे. उशीर कमीजास्त होत असेल, तर सरासरी धरून चालत नाही. सर्वात मोठा उशीर धरावा आणि वर आणखी मोकळीक ठेवावी. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दुसरा क्रॉसओव्हर. कॅमेऱ्याचा दांडा लवचीक असेल आणि २०० रेडियन प्रतिसेकंदाला थरथरत असेल, तर तिथे आकार पुन्हा पहिल्याइतका होऊ शकतो. तिथलं मार्जिन ९० अंश, म्हणजे पहिल्यापेक्षा ऐसपैस. पण ९० अंश म्हणजे १.५७ रेडियन, भागिले २००, उत्तर ८ मिलिसेकंदांहूनही कमी. अंश जास्त असलेली जागाच आधी फुटते. म्हणून प्रत्येक क्रॉसओव्हरला वेगळा भागाकार करून त्यातलं सर्वात लहान उत्तर खरं धरायचं. अशा वेळी कॅमेरा संथ डुलत नाही, दांडा सेकंदाला बत्तीस वेळा थरथरतो, आणि ते हाताला आधी कळतं, डोळ्याला नंतर.