धारोष्ण दूध आणि जोखमीचा गुणाकार

'धोका आणि जोखीम यांतील फरक सांगा', हा अन्नसुरक्षेच्या परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. उत्तर पाठ असते: धोका म्हणजे अपाय करू शकणारा घटक, जोखीम म्हणजे तो अपाय घडण्याची शक्यता आणि त्याची तीव्रता यांचा एकत्र विचार. व्याख्या बरोबर आहे, पण तिचा अर्थ उलगडतो तो एखाद्या पदार्थावर. मी त्यासाठी दूध घेतो.

घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना शिनोली लागते. तिथला दोन गाईंचा एक गोठा कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. घरात धारोष्ण दूध पिण्याची सवय आहे आणि गाईंना शेंगदाण्याची पेंड घातली जाते. इथे दोन धोके संभवतात. एक ब्रुसेला हा जंतू. बाधित गाईच्या कच्च्या दुधातून तो माणसात येतो आणि महिनोन्‌महिने ताप व सांधेदुखी देतो. दुसरे अफ्लाटॉक्सिन. पावसाळी दमटपणात पेंडीला बुरशी लागली की तिचे विष गाईच्या पोटात जाते, यकृतात त्याचे रूप बदलते आणि 'एम-१' या नावाने ते दुधात उतरते. दीर्घकाळ पोटात गेल्यास ते यकृताला घातक ठरते.

आता तक्ता मांडू. तीव्रता १ म्हणजे किरकोळ मळमळ, ५ म्हणजे मृत्यू. शक्यता १ म्हणजे क्वचित, ५ म्हणजे जवळजवळ रोज. मी दोन्ही धोक्यांना तीव्रता ४ आणि शक्यता ३ देतो. गुणाकार १२, दोन्हीकडे सारखाच.

मग घरच्यांनी दूध उकळायला सुरुवात केली. ब्रुसेला मरतो, त्याची शक्यता १ वर येते आणि जोखीम ४ होते. गोठ्यातला जंतू आणि त्याच्या आजाराची तीव्रता मात्र तशीच आहे. धोका राहिला, जोखीम उतरली. अफ्लाटॉक्सिन उकळण्याने नष्ट होत नाही. त्याचे १२ कायम राहतात. तिथे उपाय चुलीवर नाही, पेंडीच्या पोत्यापाशी आहे: पोते जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवायचे आणि बुरशी दिसली तर पेंड घालायची नाही. खराब पेंड थांबवल्यावर काही दिवसांत दुधातले विष ओसरते. मात्र दूध पाहून किंवा हुंगून ते ओळखता येत नाही. भारतातली मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे आणि ती तपासणीनेच कळते.

तक्त्याची एक मर्यादाही विद्यार्थ्यांनी लिहायला हवी. हे अंक मोजमाप नाहीत, क्रम आहेत. क्वचित येणारा मृत्यू (५×१) आणि रोजची किरकोळ मळमळ (१×५), दोन्हींचा गुणाकार ५ येतो. पण शहाणा माणूस त्यांना एका मापाने तोलत नाही. म्हणून तीव्रता ५ असलेल्या धोक्याचा बंदोबस्त गुणाकार कितीही लहान आला तरी करायचा असतो. उत्तरपत्रिकेत हे वाक्य दिसले की फरक समजला आहे, असे मी धरतो.