मीटिंगमध्ये ऐकलेला 'तसला' शब्द: अर्थ विचारायचा कसा?

समजा, तुमचा मसाल्यांचा छोटा कारखाना आहे. एका मोठ्या दुकान-साखळीबरोबर ऑनलाइन मीटिंग चाललीय. शेवटी त्यांचे पर्चेस मॅनेजर म्हणतात, "पुढच्या वेळी जरा किमोनो ओपन करू या, ओके?" सगळे हसतात. तुम्हीही हसता आणि "ओके सर" म्हणून मोकळे होता.

घोळ इथेच होतो. किमोनो म्हणजे जपानी झगा. 'ओपन द किमोनो' हा कॉर्पोरेट इंग्रजीतला चावट वाक्प्रचार आहे. धंद्यात त्याचा अर्थ आतली माहिती उघड करून दाखवणं. म्हणजे हसता हसता तुम्ही कदाचित तुमचं कॉस्टिंग दाखवायला होकार दिलात! १०० रुपयांचं पाकीट तुम्हाला ७८ रुपयांना पडतं हे एकदा त्यांना कळलं, की पुढची घासाघीस त्या २२ रुपयांवरच होणार.

म्हणून अर्थ त्याच दिवशी विचारा. मीटिंगमध्ये हजर असलेल्या, तुमच्याशी मोकळेपणानं बोलणाऱ्या सहकाऱ्याला विचारा. फोनवर किंवा चहाच्या टपरीवर, पण एकट्याला. असं बोला:

"सचिनदादा, दोन मिनिटं आहेत का? मगाशी शेवटी ते 'किमोनो ओपन करू या' म्हणाले. मी हे पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना आपल्याकडून नेमकं काय हवंय? शब्द जरा वेगळा वाटला, म्हणून ग्रुपवर टाकला नाही."

यात शब्द जसे ऐकले तसेच सांगितलेत, कारण एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी अर्थ बदलतो. कधी म्हणाले तेही सांगितलंय. आणि प्रश्न कामाचा आहे. "ते काय घाणेरडं बोलले हो?" असं विचारलंत, तर समोरचा त्या माणसाची बाजू घेत बसेल आणि अर्थ राहील बाजूला.

कधी सहकारी लाजतो, "सोड रे, असंच बोलतात ते" म्हणतो. मग ताणू नका. एवढंच विचारा, "शब्द राहू दे दादा, पण आपण हो कशाला म्हटलं?" याचं उत्तर देताना कुणी संकोचत नाही.

त्यालाही माहीत नसेल, तर थेट समोरच्या पार्टीला साध्या भाषेत ईमेल करा: "पुढच्या मीटिंगसाठी आमच्याकडून नेमकी कोणती माहिती तयार ठेवू?" तो वाक्प्रचार ईमेलमध्ये लिहू नका. उत्तरात 'कॉस्ट ब्रेकअप' आलं, तर काय दाखवायचं आणि आधी गोपनीयतेचा करार करायचा का, हे ठरवायला वेळ मिळतो.

आणि हो, अर्थ कळला म्हणून तो शब्द स्वतः वापरू नका. कपडे उतरवण्यावरचा विनोद आहे तो. बऱ्याच जणांना, विशेषतः महिलांना आणि जपानी लोकांना, तो अपमानकारक वाटतो. आपण सरळ म्हणावं, "आकडे दाखवतो."